आईच्या डेंग्यूच्या ॲडमिशनचा नाकारलेला क्लेम परत तपासण्याबाबत

कराड, ४ नोव्हेंबर २०२४

प्रति,
ग्रिव्हन्स ऑफिसर, आरोग्य विमा विभाग

विषय : क्लेम नं. ४४१०७२, फॅमिली फ्लोटर पॉलिसी, पेशंट माझी आई (वय ६१), रक्कम ४६,८५० रु.

साहेब / मॅडम,

आई ९ ते १३ सप्टेंबर डेंग्यूने ॲडमिट होती. २१ ऑक्टोबरच्या पत्रात तुम्ही क्लेम नाकारलाय, कारण काय तर प्लेटलेट ६२,००० होते म्हणजे ओपीडीत भागलं असतं, ॲडमिट करायची गरज नव्हती. हे आम्हाला अजिबात मान्य नाही.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं सर्टिफिकेट सोबत जोडलंय, ते कृपया पूर्ण वाचा. त्यांनी स्पष्ट लिहिलंय की ॲडमिट केलं ते नुसत्या प्लेटलेटवरून नाही. आईला सतत उलट्या होत होत्या, पोटात दुखत होतं, पाणीसुद्धा टिकत नव्हतं, आणि हिमॅटोक्रिट ३८ वरून ४६ वर गेलं होतं म्हणजे रक्त घट्ट होत चाललं होतं. डेंग्यूत ही धोक्याची लक्षणं धरतात आणि अशा पेशंटला घरी ठेवत नाहीत, प्लेटलेट कितीही असू देत. ताप उतरला की बरं वाटतं पण खरा धोका त्याच एक-दोन दिवसांत असतो, आणि आईचं बीपी ताप उतरल्यावरच पडलं. १० तारखेच्या रात्रीचा नर्सिंग चार्ट बघा, २ वाजता बीपी ८६/५८, लघवी कमी, लगेच सलाईन वाढवलंय. हा चार्ट पहिल्या फाईलमध्येसुद्धा होता, तुमच्या पत्रात मात्र त्याचा एका शब्दानेही उल्लेख नाही. त्या रात्री ती घरी असती तर बीपी कोण बघणार होतं?

दुसरं म्हणजे पत्रात पॉलिसीचा कुठला क्लॉज लावला ते लिहिलेलंच नाही. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या मास्टर सर्क्युलरप्रमाणे क्लेम नाकारताना नेमकी अट सांगावी लागते आणि कमिटीच्या मंजुरीशिवाय नाकारताही येत नाही. म्हणून तो क्लॉज आणि कमिटीच्या मंजुरीची माहिती लेखी द्यावी.

पॉलिसी २०१९ पासून चालू आहे, एकदाही खंड नाही, आणि हा आमचा पहिलाच क्लेम. वडील गेल्यापासून आईच्या आजारपणात हाच एक आधार धरून प्रीमियम भरत आलोय.

तरी केस सर्टिफिकेट आणि चार्टसकट एखाद्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडून परत तपासून घ्या आणि पूर्ण रक्कम मंजूर करा. १४ दिवसांत लेखी उत्तर मिळावं ही विनंती. क्लेम तरीही नाकारलात तर मी बीमा भरोसा पोर्टलवर आणि नंतर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाणार आहे.

सोबत डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं ओरिजिनल सर्टिफिकेट, तुमच्या पत्राची कॉपी, डिस्चार्ज समरी, रोजचे सीबीसी रिपोर्ट, एनएस१ रिपोर्ट, नर्सिंग चार्ट आणि बिलं जोडली आहेत. पोच द्यावी.

आपला,
संदीप जाधव
(पॉलिसीधारक)