हरवलेल्या चेकचे पेमेंट थांबवण्याबाबत व तशी लेखी पुष्टी मिळण्याबाबत

दिनांक : २० नोव्हेंबर २०२५, गुरुवार
हातपोच, सकाळी १०.१५

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
बचत खाते विभाग

विषय : चेक क्र. ४१७२६३, दि. १७ नोव्हेंबर २०२५, रक्कम रु. ८६,४००/- हरवल्यामुळे त्याचे पेमेंट तातडीने थांबवणे व केलेल्या कार्यवाहीची लेखी पुष्टी देणे.

संदर्भ : १९ नोव्हेंबर रोजी रात्री ८.१० वाजता फोन बँकिंगवर केलेली तोंडी सूचना.

महोदय/महोदया,

मी व माझे पती श्री. अनिल दीक्षित यांचे आपल्या शाखेत संयुक्त बचत खाते आहे. खाते क्रमांकाचे शेवटचे अंक ४४१७ असून पूर्ण क्रमांक सोबतच्या पासबुकाच्या पहिल्या पानाच्या प्रतीवर आहे. खाते दोघांपैकी कोणीही चालवू शकतो. खाली ज्या चेकबद्दल लिहिते आहे त्यावर सही माझी आहे, म्हणून हे पत्रही माझ्याच सहीने देत आहे.

दि. १७ नोव्हेंबर २०२५, सोमवारी मी श्री. दत्तात्रय शेलार यांच्या नावाने वरील चेक लिहिला. घराचे दरवाजे आणि खिडक्यांच्या चौकटी यांच्या कामाचा हा शेवटचा हप्ता. चेक त्याच संध्याकाळी मी त्यांच्या हातात दिला आणि त्यांनी तो कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये ठेवलेला मी पाहिला. मंगळवारी ते भरायला जाणार होते, जमले नाही. बुधवारी संध्याकाळी फोल्डर उघडले तर चेक नव्हता. घर, गाडीची डिकी, कामाची जागा, सगळीकडे शोधून झाल्यावर त्यांनी मला फोन केला. चेक आपण कुठेही भरलेला नाही, कुणाला दिलेला नाही आणि तो आता आपल्याकडे नाही, असे त्यांनी सही करून लिहून दिले आहे. ते पत्र सोबत आहे.

तेव्हा कृपया या चेकचे पेमेंट तत्काळ थांबवावे. चेकचा तपशील पुन्हा एकदा, अक्षरांत : क्रमांक चार-एक-सात-दोन-सहा-तीन, रक्कम रुपये शहाऐंशी हजार चारशे फक्त, तारीख सतरा नोव्हेंबर दोन हजार पंचवीस, आदाता दत्तात्रय शेलार, रेषांकित, दोन रेघांच्या मध्ये 'अकाउंट पेयी' लिहिलेले.

क्रमांक अक्षरांत लिहिण्यामागे कारण आहे. काल रात्री फोन बँकिंगवरच्या प्रतिनिधींनी मी सांगितलेला क्रमांक मला परत वाचून दाखवला तेव्हा शेवटी 'दोन-सहा-आठ' म्हणाले. मी लगेच दुरुस्त केले आणि त्यांनी 'हो, नोंदवलं' असे सांगितले. पाच मिनिटांनी एसएमएस आला, त्यात इतकेच होते की आपली विनंती नोंदवण्यात आली आहे. कुठल्या चेकबद्दलची, त्याचा क्रमांक नाही, रक्कमही नाही. त्यामुळे थांबवला गेलेला चेक २६३ आहे की २६८, हे मला आज सकाळीही सांगता येत नाही. २६८ चे पान कोरे आहे, चेकबुकमध्ये माझ्याकडेच आहे. ते चुकून थांबवले गेले असेल तर त्या पानावरची बंदी उठवावी, आणि २६३ वर आज, आत्ता घालावी. माझ्या चेकबुकच्या नोंदपानावर माझ्याच हस्ताक्षरातला तीन आठसारखा दिसतो, हे मला मान्य आहे. म्हणूनच क्रमांक मी नोंदपानावरून घेतलेला नाही, चेक देण्यापूर्वी मोबाइलवर काढलेल्या फोटोवरून घेतला आहे. फोटोची छापील प्रत जोडली आहे. खालच्या पट्टीतला क्रमांक त्यात स्वच्छ वाचता येतो.

घाई का, तेही लिहिते. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक समाशोधन दिवसभर सलग चालते. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळात भरलेला चेक स्कॅन होऊन लगेच पुढे जातो आणि चेक ज्या बँकेवर काढलेला आहे तिने संध्याकाळी ७ पर्यंत होकार-नकार न कळवल्यास तो मंजूर मानला जातो. पूर्वी चेक हरवला की हातात एखादा दिवस तरी असायचा, आता सकाळी कुणी भरला तर संध्याकाळी पैसे गेलेले असतील. शाखेत आपल्या कामाचा ढीग असतो याची जाणीव आहे, पण हे पत्र दुपारच्या टपालाबरोबर वाचले गेले तर उशीर झालेला असू शकतो. म्हणूनच पोस्टाने न पाठवता स्वतः घेऊन आले आहे.

आणखी एक बाब सहज नजरेआड होईल म्हणून वेगळी मांडते. रक्कम पन्नास हजारांच्या वर असल्याने मी १७ तारखेलाच ॲपमधून या चेकचा तपशील पॉझिटिव्ह पे मध्ये भरला होता : क्रमांक, तारीख, नाव, रक्कम. चेकवर कुणी खाडाखोड केली तर ही नोंद माझ्या उपयोगाची आहे. पण मूळ चेक जसाच्या तसा आला तर याच नोंदीमुळे तो तंतोतंत जुळेल आणि कुणाला शंकाही येणार नाही. तेव्हा पेमेंट थांबवताना ही पॉझिटिव्ह पे नोंदही रद्द करावी. ॲपमध्ये मला ती रद्द करण्याचा पर्याय सापडला नाही.

चेकवर 'अकाउंट पेयी' असल्याने काउंटरवर रोख मिळणार नाही, हे ठाऊक आहे. मात्र छापील मजकुरातला 'किंवा वाहकास' हा शब्द मी खोडला नव्हता. घाईत राहून गेला. रेषांकनामुळे फरक पडू नये, तरी आपल्या माहितीत असावे.

पेमेंट थांबवण्याचे कारण आपल्या नोंदीत स्पष्टपणे 'चेक हरवला' असेच घ्यावे, ही विनंती मी आग्रहाने करते. 'खातेदाराने थांबवले' एवढाच शेरा राहिला तर उद्या कुणालाही वाटेल की कामाचे पैसे द्यायचे नव्हते म्हणून मी हात आखडता घेतला. पेमेंट थांबवल्यामुळे परत गेलेल्या चेकवरही परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली प्रकरण उभे राहू शकते, असे न्यायालयांनी म्हटलेले आहे. माझ्या बाबतीत तसा प्रश्न येऊ नये. श्री. शेलार यांचे पैसे मी देणे लागते, त्यांचे काम चोख आहे आणि चेक लिहिला त्या दिवसापासून आजपर्यंत खात्यात चेकच्या रकमेपेक्षा जास्त शिल्लक आहे. आपल्या पुष्टीपत्रात या शिल्लकेचा एका ओळीत उल्लेख झाला तर माझे बरेच काम होईल.

लेखी पुष्टी मला का हवी, याचे खरे कारण श्री. शेलारच आहेत. त्यांना त्यांचे पैसे मिळायला हवेत, आणि ते मी आता चेकने न देता थेट त्यांच्या खात्यात एनईएफटीने पाठवणार आहे. पण जुना चेक थांबलाय हे कागदावर आल्याशिवाय मी ते पाठवले आणि चेक कुठून तरी निघाला, तर तीच रक्कम दोनदा जाईल. त्यांनी दोन दिवस थांबायची तयारी दाखवली आहे. त्यांना त्याहून जास्त थांबायला लावणे मला बरे वाटत नाही.

तरी आपल्या शाखेच्या पत्रावर, सही-शिक्क्यासह, मला पुढील गोष्टी लिहून मिळाव्यात : चेक क्र. ४१७२६३ थांबवल्याची तारीख आणि वेळ. त्या वेळेपर्यंत तो भरणा होऊन पास झालेला नव्हता हे. काल रात्रीची तोंडी सूचना कोणत्या चेक क्रमांकावर नोंदली गेली होती. पॉझिटिव्ह पे नोंद रद्द झाली का. आणि ही बंदी मी लेखी काढेपर्यंत चालू राहील, की ठरावीक मुदतीनंतर आपोआप उठते. शेवटचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण चेक तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत. निदान तोपर्यंत बंदी उठता कामा नये.

चेक आधीच पास झालेला आढळला, तर तो कोणत्या बँकेच्या कोणत्या शाखेत व कुणाच्या खात्यात जमा झाला ते आणि चेकची दोन्ही बाजूंची प्रतिमा मला आजच मिळावी. त्या स्थितीत मी वेगळी लेखी तक्रार देईन.

काल फोनवर असेही सांगण्यात आले की आधी पोलिसांकडे तक्रार करा, मग चेक थांबेल. चेक हरवल्याची नोंद मी आज सकाळीच पोलिसांकडे केली आहे आणि तिची पोच सोबत आहे. तरीही नम्रपणे सांगावेसे वाटते की पेमेंट थांबवायला चेक काढणाऱ्याची सही असलेली सूचना पुरेशी आहे. त्या कागदासाठी ती अडून राहू नये. आपल्या शाखेचा ठरलेला अर्ज किंवा हमीपत्र भरायचे असल्यास मी काउंटरवर बसूनच भरते, पण बंदी आधी घालावी आणि अर्ज मागाहून घ्यावा. याचे जे शुल्क असेल ते माझ्या वरील खात्यातून वळते करून घ्यावे, आणि शुल्काची रक्कमही पत्रात नमूद करावी.

चेक पुढे सापडला तर मी किंवा श्री. शेलार तो भरणार नाही. तो आपल्याकडे आणून देईन आणि त्याची पोच घेईन. बंदी उठवण्याची सूचना फोनवरून किंवा ॲपमधून आली तर ती माझी समजू नये. तशी सूचना मी फक्त लेखी देईन.

या पत्राची दुसरी प्रत आणली आहे. तिच्यावर तारीख, वेळ, शिक्का आणि स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्याची सही करून आत्ताच परत द्यावी. खात्याशी जोडलेला मोबाइल क्रमांक आणि ईमेल पूर्वीचेच आहेत, त्यावर कधीही संपर्क करावा. पुष्टीपत्र तयार होईपर्यंत मी शाखेत थांबायला तयार आहे. आज ते शक्यच नसेल तर उद्या सकाळी दहाला पुन्हा येईन, मात्र चेक थांबवल्याची तोंडी खात्री आणि संगणकावरची नोंद आज दाखवावी.

आपली विश्वासू,

(सही)
मेघना अनिल दीक्षित
संयुक्त खातेदार

सोबत : पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत, चेकच्या फोटोची छापील प्रत, श्री. दत्तात्रय शेलार यांचे सहीचे पत्र. पोलिसांकडे केलेल्या नोंदीची पोच. १९ नोव्हेंबरच्या एसएमएसचा स्क्रीनशॉट. माझ्या ओळखपत्राची स्वसाक्षांकित प्रत.

ता. क. : चेकबुकमधली बाकीची सर्व कोरी पाने आज सकाळी मोजली, क्रमाने आहेत, एकही गहाळ नाही. त्यामुळे पूर्ण चेकबुक थांबवू नये, फक्त ४१७२६३ थांबवावा. याच चेकबुकमधला आणखी एक चेक मी दिलेला आहे, तो अजून वटायचा आहे आणि तो परत जाता कामा नये.