पाझर तलावाच्या मोबदल्याची संचिका : आमदार कार्यालयास स्मरणपत्र

दिनांक : ८ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. आमदार महोदय,
द्वारा : स्वीय सहायक, जनसंपर्क कार्यालय

विषय : पाझर तलावात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा प्रस्ताव २१ एप्रिलपासून पडून असल्याबाबत (स्मरणपत्र)

संदर्भ : १) आमचा अर्ज, दि. २ जानेवारी २०२५
२) आपले मा. जिल्हाधिकारी यांना पत्र, दि. ९ जानेवारी २०२५
३) माहिती अधिकारातील उत्तर, दि. ३० जुलै २०२५

महोदय,

स. न. वि. वि.

जानेवारीत आपण आमच्या अर्जावर सात दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांना पत्र दिलेत, त्याबद्दल आधी आभार मानतो. त्याआधी दोन वर्षे आम्ही हेलपाटे घालत होतो. आपले पत्र गेले आणि ३ फेब्रुवारीला जलसंधारणाच्या उपविभागातून प्रस्ताव भूसंपादन शाखेकडे रवाना झाला. पुढे काय झाले हे कोणी कळवले नाही, म्हणून पुन्हा लिहीत आहे.

आपल्याकडे रोज कितीतरी अर्ज येतात, म्हणून प्रकरण थोडक्यात आठवण करून देतो. १९७२ च्या दुष्काळात गावात पाझर तलावाचे काम निघाले. त्यात आमच्या गट क्रमांक १४३ मधील ६१ आर जमीन गेली, काही भिंतीखाली आणि बाकी बुडितात. माझी आई सरुबाई तेव्हा २८ वर्षांची होती. त्याच भिंतीवर तिने माती वाहिली, खडी फोडली आणि संध्याकाळी सुकडी घेऊन घरी आली. म्हणजे आमच्याच रानावर ती रोजंदारीने होती. मोबदला नंतर मिळेल असे तेव्हा वडिलांना तोंडी सांगितले गेले. वडील २००४ साली वारले. आई आता ८१ वर्षांची आहे आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून तिचे नाव आहे. निवाडा झालेला नाही, एक रुपयाही मिळालेला नाही. सातबाऱ्यावर मात्र ते ६१ आर अजून लागवडीलायक म्हणून आमच्याच नावावर दिसतात. तिथे ना पीक घेता येते, ना ती जमीन विकता येते.

तलावाबद्दल आमची काहीही तक्रार नाही, हे मुद्दाम लिहितो. खालच्या अंगाच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी टिकते ते त्या तळ्यामुळे. तळे राहावे, गावाला पाणी मिळत राहावे. आईचेही म्हणणे हेच आहे.

आता अडले कुठे ते सांगतो. संयुक्त मोजणी १२ डिसेंबर २०२३ रोजी झाली, नकाशा तयार आहे, क्षेत्राबद्दल वाद नाही. तरी २१ एप्रिल २०२५ रोजी भूसंपादन शाखेने दोन त्रुटी काढून प्रस्ताव उपविभागाकडे परत पाठवला. एक, १९७३ ची ताबा पावती जोडलेली नाही. दोन, कामाचे मोजमाप पुस्तक सापडत नाही. हे आम्हाला ना पत्राने कळवले, ना फोनने. ७ जुलैला जिल्ह्याच्या लोकशाही दिनात गेलो तेव्हा ‘प्रस्ताव कार्यवाहीत आहे’ एवढेच उत्तर मिळाले. खरी परिस्थिती माहिती अधिकारात संचिकेची टिपणी मागितल्यावर समजली. २१ एप्रिलनंतर त्या टिपणीवर एकही ओळ लिहिलेली नाही. आज १४० दिवस झाले. उपविभाग म्हणतो, जुने दप्तर आमच्याकडे आलेच नाही. भूसंपादन शाखा म्हणते, त्रुटी पूर्ण करून द्या, मग बघू. दोन्हीकडची माणसे आमच्याशी नीट बोलतात, बसायला खुर्ची देतात. पण कागद नाही असे लेखी द्यायला कोणी तयार नाही आणि त्या कागदावाचून पुढे जायलाही कोणी तयार नाही.

महोदय, हे दोन्ही कागद सरकारने तयार करायचे आणि सरकारनेच जपायचे होते. वडिलांना अंगठ्याशिवाय सही येत नव्हती, पावतीची प्रत त्यांना कधी मिळालीच नाही. ती आता ८१ वर्षांच्या बाईकडे मागून काय उपयोग? ताबा कोणाचा आहे याला पावतीची गरज नाही, गटात पाणी उभे आहे आणि मोजणीच्या नकाशात ते दाखवलेले आहे.

‘जमीन संमतीने दिली होती’ असेही एकदा तोंडी ऐकवले गेले, म्हणून एक निकाल निदर्शनास आणतो. विद्या देवी विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२० रोजी निकाल दिला. त्या निरक्षर विधवा बाईंची जमीन १९६७-६८ मध्ये रस्त्यासाठी भूसंपादन न करताच घेतली होती. तोंडी संमतीचा आणि उशिराचा, असे दोन्ही बचाव न्यायालयाने फेटाळले आणि मोबदला द्यायला लावला. संविधानाच्या अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय कोणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. आमची जमीन गेली तेव्हा तर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांत होता. उच्च न्यायालयात जा, असा सल्ला अनेकांनी दिला. पण खटल्यात किती वर्षे जातील याचा हिशेब आईच्या वयाशी जुळत नाही. म्हणून आपल्या दारी आलो आहे.

दप्तर दिरंगाईचा २००५ चा कायदा आपल्याला माहीतच आहे. त्याच्या कलम १० प्रमाणे सर्वसाधारणपणे कोणतीही संचिका एका कर्मचाऱ्याकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. एखाद्या लिपिकावर कारवाई व्हावी अशी आमची इच्छा नाही. त्या टेबलावर एकच माणूस तीन टेबलांचे काम पाहतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. संचिका हलावी, एवढेच हवे आहे.

त्यासाठी विनंती अशी की, आपण उपविभागाचे अधिकारी आणि भूसंपादन अधिकारी यांना एकाच दिवशी, एकाच टेबलावर समोरासमोर बसवावे. वेगवेगळी पत्रे गेली की एकाचे उत्तर दुसऱ्याकडे बोट दाखवते, हे आम्ही अनुभवले आहे. जुने कागद मिळत नसल्यास तसा लेखी दाखला उपविभागाने त्या बैठकीतच द्यावा, आणि संयुक्त मोजणीचा नकाशा व स्थळपाहणीचा पंचनामा ग्राह्य धरून प्रस्ताव पुढे न्यावा. हे शक्य नसेल तर का नाही, ते कारण आम्हाला लेखी मिळावे. नकार लेखी असला तरी चालेल, त्यावर पुढे दाद तरी मागता येईल.

घाई एवढ्यासाठी की मूल्यांकन होऊन रकमेची मागणी विभागाकडून वेळेत गेली, तरच हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत तिचा विचार होऊ शकतो. ती वेळ चुकली की गोष्ट पुढच्या आर्थिक वर्षावर जाते. बैठकीने काम झाले नाही, तर आपण हा विषय सभागृहात प्रश्नाद्वारे मांडावा. त्याला लागणारे सर्व कागद आमच्याकडे तयार आहेत.

सोबत सातबारा, फेरफार, संयुक्त मोजणीचा नकाशा, माहिती अधिकारातील उत्तर, टिपणीच्या प्रती आणि आपल्या जानेवारीच्या पत्राची प्रत जोडली आहे. बैठकीची तारीख ठरल्यास दोन दिवस आधी कळवावे. आईला सोबत आणायचे आहे, आणि गावातून सकाळी एकच एसटी सुटते.

पुढच्या सोमवारी, १५ तारखेला, मी सकाळी अकरा वाजता आपल्या कार्यालयात येतो.

आपला विश्वासू,
रमेश पांडुरंग जाधव
(श्रीमती सरुबाई पांडुरंग जाधव यांच्याकरिता)
मु. पो. पिंपळवाडी