टॉवेल सुटला की नाही?

केमिस्ट्रीत बीएस्सी केल्यावर लॉ का घेतलं हे अजूनही सगळे विचारतात, आजी तर अजून "प्रयोगशाळेतली नोकरी गेली का गं?" म्हणते, जाऊ दे. पण खरं सांगू का, पहिले सहा महिने मला वर्गात चिडचिडच व्हायची. टायट्रेशनमध्ये कसं, फिनॉल्फ्थॅलीन गुलाबी झालं की विषय संपला. इथे सर प्रश्न विचारणार आणि वर "दोन्ही बाजू मांडा" म्हणणार. अरे पण बरोबर काय ते सांगा ना!

मग कॉलेजच्या इंटर्नल मूटला, म्हणजे नकली खटल्याच्या स्पर्धेला, नानावटी केसवरून प्रॉब्लेम आला आणि नियम असा की मेमोरियल, म्हणजे लेखी युक्तिवाद, दोन्ही बाजूंचं लिहायचं, उभं कुठल्या बाजूने राहायचं ते ऐनवेळी टॉस करून ठरणार. केस माहितीच असेल, 1959, मुंबई, नेव्हीतला ऑफिसर नानावटी, बायकोने आहुजाशी प्रेमसंबंध असल्याची कबुली दिली, हा तिला आणि मुलांना सिनेमाला सोडून जहाजावर गेला, रिव्हॉल्व्हर घेतलं आणि आहुजाच्या फ्लॅटवर पोचला, तिथे गोळ्या लागून आहुजा मेला. ज्युरीने 8 विरुद्ध 1 ने निर्दोष म्हटलं, हायकोर्टाने दोषी ठरवलं, 1961 मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच कायम केलं.

सरकारी बाजू मी एका रात्रीत लिहिली. दुपारी दीडला घरातून निघाला, चार वीसला गोळ्या, म्हणजे डोकं शांत व्हायला जवळजवळ तीन तास मिळाले, मग अचानक प्रक्षोभ कसला? झोपले मस्त.

बचाव लिहायला बसले आणि टॉवेलवर अडकले. बचावाचं म्हणणं होतं की झटापटीत चुकून गोळ्या सुटल्या, पण आहुजा नुकताच अंघोळ करून आलेला आणि कमरेचा टॉवेल मेल्यावरही जागेवरच होता. झटापट झाली असती तर टॉवेल सुटला नसता का? हा मुद्दा मी स्वतःच सरकारी बाजूत ठळक करून टाकलेला, आणि आता तोच मला खोडायचा होता.

बरं, एक कबुली देते. बीएस्सीला तिसरं रीडिंग जुळत नसेल तर आम्ही सरळ शेजारणीचं 10.2 उतरवायचो. उत्तर आधीच माहीत असायचं ना. म्हणजे सायन्सने मला शंका घ्यायला शिकवलं वगैरे मी इंटरव्ह्यूत सांगायचे ते खोटंच होतं, खरी शंका मला या टॉवेलने घ्यायला लावली.

शेवटी धाकट्या भावाला हाफपँटवर टॉवेल गुंडाळायला लावला आणि हॉलमध्ये ढकलाढकली केली. पाच वेळा. तीनदा सुटला, दोनदा नाही. कोर्टात असला पुरावा कोणी उभा करणार नाही हे मलाही कळतं, पण पाचही आकडे वहीत लिहिले, एकही न बदलता, आणि मग सरकारी मेमोरियलमधलं "अशक्य" खोडून "संभवत नाही" केलं.

टॉसमध्ये बचाव आला. भाऊ म्हणे, "ते दोनदावालं सांग, तीनदावालं ते सांगतील."