पद्धती: पीयूसी19 प्लाझ्मिडमध्ये ईजीएफपी जनुकाचे क्लोनिंग

एम.एस्सी. जैवतंत्रज्ञान, दुसरे सत्र. प्रयोग एप्रिलमध्ये नाशिकच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत दोघांच्या गटाने केला. दुपारी प्रयोगशाळेतील तापमान 33 °से. होते. खाली जिथे 'खोलीचे तापमान' लिहिले आहे, तिथे नळ्या मुद्दाम 25 °से. ला लावलेल्या ब्लॉकमध्ये ठेवल्या. काम सुरू करण्यापूर्वी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीला प्रयोगाची माहिती दिली होती.

माध्यम आणि निर्जंतुकीकरण

एलबी माध्यमासाठी प्रति लिटर 10 ग्रॅम ट्रिप्टोन, 5 ग्रॅम यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि 10 ग्रॅम मीठ ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवले. पीएच 7.0 वर आणला आणि प्लेटसाठीच्या भागात 1.5 टक्के अगार घातला. ऑटोक्लेव्ह 121 °से. ला 20 मिनिटे चालवला. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब कमी असल्याने गेज 15 पौंड दाखवत असताना आतली वाफ 121 अंशांच्या थोडी खाली राहते. म्हणून वेळ गेजवर न मोजता तापमापकावर 121 °से. दिसल्यापासून मोजली, त्या वेळी गेज 16 पौंडांच्या आसपास होता. आतली हवा पूर्ण निघून गेल्यावरच झडप बंद केली.

अगार 50 °से. पर्यंत निवल्यावर अँपिसिलिन घातले. गाळून निर्जंतुक केलेले 100 मिलिग्रॅम/मिलिलिटरचे द्रावण हजारास एक या प्रमाणात वापरले, म्हणजे अंतिम प्रमाण 100 मायक्रोग्रॅम/मिलिलिटर झाले. बाटली उघड्या हातात सहज धरता येईपर्यंत थांबलो, कारण गरम अगारमध्ये अँपिसिलिन लवकर निकामी होते. प्रत्येक प्लेटमध्ये 20 मिलिलिटर अगार ओतला. घट्ट झालेल्या प्लेटवर एक्स-गॅल (डायमिथाइल फॉर्मामाइडमध्ये 20 मिलिग्रॅम/मिलिलिटर) आणि आयपीटीजी (0.1 मोलर) प्रत्येकी 40 मायक्रोलिटर पसरले आणि प्लेट 37 °से. ला, झाकण किंचित तिरके ठेवून, 30 मिनिटे सुकवल्या.

इन्सर्ट तयार करणे

ईजीएफपी जनुक (थांबा-कोडॉनसह 720 बेस जोड्या) पीईजीएफपी-एन1 प्लाझ्मिडवरून पीसीआरने वाढवले. हे टेम्प्लेट विचारपूर्वक निवडले. त्यावर कॅनामायसिन-रोधक जनुक आहे, अँपिसिलिनचे नाही. त्यामुळे टेम्प्लेटचे काही रेणू शेवटपर्यंत सोबत आले, तरी त्यांच्यामुळे अँपिसिलिनच्या प्लेटवर कॉलनी उगवू शकत नव्हती. प्रायमर असे होते:

```
F: 5'-GCGCGAATTCATGGTGAGCAAGGGCGAGGAG-3'
R: 5'-GCGCAAGCTTTTACTTGTACAGCTCGTCCATGCC-3'
```

पहिल्यात इको-आर-वनची आणि दुसऱ्यात हिंड-थ्रीची जागा घातली होती. पुढची चार अक्षरे एन्झाइमला टोकाशी पकड मिळावी म्हणून जोडली. जनुकाच्या आत या दोन्ही जागा नाहीत, हे अनुक्रमात शोधून आधी खात्री केली.

एका नळीत 50 मायक्रोलिटर अभिक्रिया लावली: दहापट बफर (मॅग्नेशियम सल्फेटसह) 5 मायक्रोलिटर, डीएनटीपी मिश्रण (प्रत्येकी 10 मिलिमोलर) 1, प्रत्येक प्रायमर (10 मायक्रोमोलर) 2.5, टेम्प्लेट (5 नॅनोग्रॅम/मायक्रोलिटर) 1, पीएफयू पॉलिमरेज (2.5 युनिट/मायक्रोलिटर) 0.5 आणि पाणी 37.5. एन्झाइम सर्वांत शेवटी घातले. अशा दोन नळ्या आणि टेम्प्लेटऐवजी पाणी घातलेली तिसरी नळी चालवली. 95 °से. ला 2 मिनिटांनंतर 30 चक्रे दिली. प्रत्येक चक्रात 95 °से. ला 30 सेकंद, 58 °से. ला 30 सेकंद आणि 72 °से. ला दीड मिनिट होते; शेवटी 72 °से. ला 5 मिनिटे ठेवले. पीएफयू टॅकपेक्षा सावकाश चालते, म्हणून पाऊण किलोबेसलाही दीड मिनिट दिले.

दोन्ही नळ्या एकत्र केल्या. त्यांतील 3 मायक्रोलिटर 1 टक्का अगारोजवर तपासले आणि उरलेले सिलिका कॉलमवर शुद्ध करून 10 मिलिमोलर ट्रिस (पीएच 8.5) च्या 30 मायक्रोलिटरमध्ये उतरवले. अपेक्षित लांबी 740 बेस जोड्या होती.

कापणी

पीयूसी19 (2686 बेस जोड्या, 200 नॅनोग्रॅम/मायक्रोलिटर) 10 मायक्रोलिटर, दहापट बफर 5, इको-आर-वन आणि हिंड-थ्री (एचएफ प्रकार, 20 युनिट/मायक्रोलिटर) प्रत्येकी 1 आणि पाणी 33, असे एकूण 50 मायक्रोलिटर मिश्रण केले. शुद्ध इन्सर्ट (40 नॅनोग्रॅम/मायक्रोलिटर) 25 मायक्रोलिटर घेतले. त्यात बफर आणि एन्झाइम तेवढीच आणि पाणी 18 मायक्रोलिटर घातले. एकपट बफरमध्ये 50 मिलिमोलर पोटॅशियम अॅसिटेट, 20 मिलिमोलर ट्रिस-अॅसिटेट, 10 मिलिमोलर मॅग्नेशियम अॅसिटेट आणि 100 मायक्रोग्रॅम/मिलिलिटर अल्ब्युमिन होते, पीएच 7.9. दोन्ही एन्झाइम मिळून आकारमानाच्या 4 टक्केच ठेवली, कारण त्यांच्यासोबत येणारे ग्लिसरॉल वाढले की एन्झाइम भलत्या जागीही कापू लागते. नळ्या 37 °से. ला 2 तास ठेवल्या, नंतर 80 °से. ला 20 मिनिटे.

कापलेले व्हेक्टर 1 टक्का अगारोज जेलवर (एकपट टीएई, इथिडियम ब्रोमाइड 0.5 मायक्रोग्रॅम/मिलिलिटर) 80 व्होल्टवर 60 मिनिटे चालवले. शेजारच्या खणात न कापलेले पीयूसी19 भरले होते. ते नसते तर उरलेले अखंड प्लाझ्मिड ओळखता आले नसते, आणि तेच पुढे निळ्या कॉलनींची गर्दी करते. 2635 बेस जोड्यांचा पट्टा 365 नॅनोमीटरच्या दिव्यावर स्वच्छ पात्याने कापून काढला. जेल दिव्यावर मिनिटभराच्या आतच ठेवले. आखूड लांबीच्या अतिनील किरणांनी डीएनएची जी हानी होते ती डोळ्यांना दिसत नाही, पण कॉलनी मात्र कमी होतात. पट्ट्याच्या वजनाच्या तिप्पट बंधक द्रावण घालून 55 °से. ला 10 मिनिटे, मधूनमधून नळी उलटीसुलटी करत, जेल पूर्ण विरघळवले आणि कॉलमवरून 30 मायक्रोलिटरमध्ये उतरवले. इन्सर्ट जेलवर न नेता थेट कॉलमने शुद्ध केले. दोन्हींचे प्रमाण फक्त 260 नॅनोमीटरच्या मापावर ठरवले नाही. ज्ञात वजनाच्या लॅडरशेजारी 1 मायक्रोलिटर चालवून पट्ट्याच्या तेजाशी जुळवले. व्हेक्टर 25 आणि इन्सर्ट 20 नॅनोग्रॅम/मायक्रोलिटर धरले.

लिगेशन

व्हेक्टर 50 नॅनोग्रॅम आणि रेणूंचे प्रमाण एकास तीन ठेवले. इन्सर्टचे वजन नॅनोग्रॅममध्ये असे काढले:

```
50 × (726 / 2635) × 3 = 41.3
```

व्हेक्टर 2 मायक्रोलिटर, इन्सर्ट 2.1, दहापट लायगेज बफर 2, टी4 लायगेज (400 युनिट/मायक्रोलिटर) 1 आणि पाणी 12.9, असे एकूण 20 मायक्रोलिटर झाले. बफर बर्फावर वितळवला आणि तळाचा पांढरा साका विरघळेपर्यंत हलवला. या बफरमधले एटीपी वारंवार वितळवण्या-गोठवण्याने खराब होते, म्हणून उरलेला बफर 10-10 मायक्रोलिटरच्या नळ्यांत वाटून ठेवला. मिश्रण पीसीआर यंत्रात 16 °से. ला 16 तास ठेवले. पाण्याच्या भांड्यात बर्फ घालून ठेवण्याचा प्रकार या दिवसांत रात्रभर टिकत नाही. सकाळी 65 °से. ला 10 मिनिटे तापवून लायगेज निष्क्रिय केले. इन्सर्टऐवजी पाणी घातलेले लिगेशन आणि लायगेज न घातलेले लिगेशन अशा दोन तुलनेच्या नळ्या सोबत होत्या.

पेशी आणि रूपांतरण

डीएच5-अल्फाच्या रात्रभर वाढलेल्या वाढीतून 0.5 मिलिलिटर 50 मिलिलिटर एलबीत घातले. 37 °से. ला, मिनिटाला 180 फेऱ्यांवर, 600 नॅनोमीटरचे शोषण 0.38 होईपर्यंत वाढवले. दीड तासानंतर दर 15 मिनिटांनी मोजले, कारण 0.4 ओलांडल्यावर पेशींची डीएनए घेण्याची क्षमता झपाट्याने उतरते. फ्लास्क बर्फात 10 मिनिटे ठेवला. 4 °से. ला 2700 जी वर 10 मिनिटे फिरवले. इथे फेऱ्यांऐवजी जी लिहिला आहे, कारण रोटर बदलला की फेऱ्यांना अर्थ राहत नाही. गोळा बर्फगार 0.1 मोलर कॅल्शियम क्लोराइडच्या 10 मिलिलिटरमध्ये, नळी बर्फातच गोल फिरवत, मिसळला. पिपेटने वरखाली केले नाही. बर्फात 30 मिनिटांनी पुन्हा तसेच फिरवून 2 मिलिलिटर ताज्या द्रावणात घेतला. पेशी त्याच दिवशी वापरल्या.

बर्फात थंड केलेल्या 1.5 मिलिलिटरच्या नळीत 100 मायक्रोलिटर पेशी आणि 5 मायक्रोलिटर लिगेशन मिश्रण घेऊन 30 मिनिटे ठेवले. नळी 42 °से. च्या पाण्यात, न हलवता, बरोबर 45 सेकंद धरली आणि लगेच 2 मिनिटे बर्फात ठेवली. तापमान नळीशेजारी सोडलेल्या तापमापकावर पाहिले. वॉटर बाथच्या काट्यावर विसंबलो नाही. 900 मायक्रोलिटर एलबी घालून 37 °से. ला 180 फेऱ्यांवर तासभर ठेवले, म्हणजे अँपिसिलिन समोर येण्याआधी पेशींना प्रतिकारक प्रथिन बनवता आले. 100 मायक्रोलिटर एका प्लेटवर पसरले. उरलेले 2 मिनिटे 3000 जी वर फिरवून 100 मायक्रोलिटरमध्ये घेतले आणि दुसऱ्या प्लेटवर पसरले.

लिगेशनच्या दोन तुलनेच्या नळ्यांखेरीज अखंड पीयूसी19 (1 नॅनोग्रॅम) आणि डीएनए न घातलेल्या पेशी याच रीतीने प्लेटवर लावल्या. डीएनए नसलेल्या पेशींचा एक भाग अँपिसिलिन नसलेल्या प्लेटवरही पसरला, कारण पेशी मेल्या की डीएनए गेले नाही, हे त्याखेरीज सांगता येत नाही.

प्लेट उलट्या करून 37 °से. ला 17 तास ठेवल्या. त्याहून जास्त ठेवल्या नाहीत, कारण मोठ्या कॉलनीभोवती अँपिसिलिन संपून बारीक उपकॉलनी येऊ लागतात. नंतर निळा रंग गडद होण्यासाठी 4 °से. ला 2 तास ठेवून मगच मोजणी केली.

कॉलनींची तपासणी

आठ पांढऱ्या आणि एक निळी कॉलनी निर्जंतुक काडीने उचलली. काडी आधी क्रमांक घातलेल्या प्लेटवर टेकवली, मग 20 मायक्रोलिटर पाण्यात फिरवली. पाणी 95 °से. ला 5 मिनिटे तापवून त्यातील 2 मायक्रोलिटर 20 मायक्रोलिटरच्या टॅक अभिक्रियेत घेतले. प्रायमर एम13 चे होते:

```
M13F: 5'-GTAAAACGACGGCCAGT-3'
M13R: 5'-CAGGAAACAGCTATGAC-3'
```

95 °से. ला 30 सेकंद, 52 °से. ला 30 सेकंद, 72 °से. ला 1 मिनिट अशी 30 चक्रे दिली. रिकाम्या पीयूसी19 चा तुकडा 103 आणि इन्सर्ट बसलेल्याचा 778 बेस जोड्यांचा येणार, हे आधी मोजून ठेवले होते. तपासणी 1.5 टक्के अगारोजवर केली.

कॉलनी हिरव्या चमकतात का, हा निकष वापरला नाही. पीयूसी19 मध्ये हिंड-थ्रीची जागा लॅक प्रवर्तकाच्या बाजूला आणि इको-आर-वनची पलीकडे आहे. त्यामुळे या प्रायमरांनी ईजीएफपी प्रवर्तकाकडे पाठ करून बसते आणि प्रथिन अपेक्षितच नसते.

बरोबर लांबी दाखवणाऱ्या दोन कॉलनी 5 मिलिलिटर एलबी-अँपिसिलिनमध्ये रात्रभर वाढवून अल्कली पद्धतीने प्लाझ्मिड काढले. त्यातील 10 मायक्रोलिटर, दोन्ही एन्झाइम प्रत्येकी 0.5, बफर 2 आणि पाणी 7 मायक्रोलिटर घेऊन 37 °से. ला 1 तास कापले. 2635 आणि 726 असे दोन पट्टे दिले तरच क्लोन ग्राह्य धरला. अनुक्रम वाचलेला नसल्याने या क्लोनचा उल्लेख पुढे सर्वत्र 'अपेक्षित लांबीचे इन्सर्ट असलेले' असाच केला आहे.

वापरलेल्या प्लेट आणि द्रवरूप वाढी ऑटोक्लेव्ह करून टाकल्या. इथिडियम ब्रोमाइडचे जेल आणि हातमोजे झाकणाच्या वेगळ्या डब्यात जमा केले.