शर्वरीला आठवडाभर मामा घ्यायला येणार असल्याबाबत

दि. ३ डिसेंबर २०२६
ठाणे (पश्चिम)

प्रति,
वर्गशिक्षिका, इयत्ता दुसरी, तुकडी ब

विषय : दि. ७ ते १२ डिसेंबर शर्वरी अमोल पाटणकर हिला शाळेतून नेण्याबाबत

आदरणीय बाईंना,
सप्रेम नमस्कार.

शर्वरीच्या आजीच्या गुडघ्याचं ऑपरेशन कोल्हापूरला ठरलं आहे, त्यामुळे आम्ही दोघंही सोमवार ७ ते शनिवार १२ डिसेंबर तिकडे असू. शर्वरीची शाळा बुडवायची नाही, म्हणून ती ऐरोलीला माझ्या भावाकडे राहील. रोज सकाळी शाळेत सोडायला आणि सुटल्यावर न्यायला तिचा मामा, निनाद केळकर, येईल. सोमवार १४ तारखेपासून नेहमीप्रमाणे मीच येईन.

मामाचं आडनाव माझ्या माहेरचं असल्यामुळे शर्वरीच्या आडनावाशी जुळणार नाही. शिवाय आधार कार्डावरचा फोटो बराच जुना आहे; तेव्हा तो सफाचट होता, आता चांगली भरघोस दाढी आहे. म्हणून आधारच्या प्रतीसोबत त्याचा आत्ताचा फोटो आणि आम्हा दोघांच्या सह्यांचं संमतीपत्र जोडलं आहे. एस्कॉर्ट कार्डही त्याच्याजवळ असेल. त्याचा एक फोटो कृपया गेटवरच्या काकांकडेही द्यावा. ते मला ओळखतात, मामाला त्यांनी कधी पाहिलेलं नाही.

मामाला एखाद्या दिवशी जमलं नाही तर मामी येईल. तिचीही कागदपत्रं सोबत आहेत. या दोघांखेरीज कोणीही आलं, अगदी "आईनेच पाठवलंय" म्हणालं, तरी शर्वरीला सोडू नये ही कळकळीची विनंती. तसा बदल करायची वेळ आलीच, तर मी स्वतः शाळेच्या ऑफिसात फोन करेन.

मामा ऐरोलीहून लोकलने ठाण्याला येऊन पुढे रिक्षा करतो. ट्रान्स हार्बरची गाडी रखडली तर दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतील. तोवर तिला ऑफिसजवळच्या बाकावर बसवावं. गेटबाहेर सध्या बोरं-आवळ्यांची गाडी लागते आणि आमचं कन्यारत्न मामा दिसायच्या आधी तिकडे पळतं. तेव्हा मामा आत येऊन तिचा हात धरेपर्यंत तिला सोडू नये.

ताप किंवा पोटदुखी निघाली तर पहिला फोन मामालाच करावा. हॉस्पिटलमध्ये आमचे फोन कधी सायलेंटवर असतील, आणि कोल्हापूरहून आम्ही लगेच पोचूही शकणार नाही. मामा-मामींचे नंबर संमतीपत्रावर आणि शर्वरीच्या डायरीच्या पहिल्या पानावर लिहिले आहेत.

पत्र मिळाल्याचं डायरीत दोन शब्दांत कळवलंत तर बरं होईल. मामाला प्रत्यक्ष बघून घ्यायचं असेल, तर शनिवारी शाळा सुटताना मी त्याला सोबत घेऊन येईन.

आपली,
मृणाल अमोल पाटणकर
(शर्वरीची आई)

सोबत : मामा-मामींच्या आधार कार्डांच्या प्रती, दोघांचे फोटो, संमतीपत्र