विषय: साहेबांना सीसीत ठेवण्याबद्दल, फक्त तुमच्याशी

नितीनभाऊ, नमस्कार.

सोमवारपासूनचे तुमचे पाचही मेल वाचले. प्रत्येक मुद्द्याचं उत्तर मी त्या-त्या मेलवरच दिलं आहे, चौधरी साहेबांना सीसीत तसंच ठेवून. एकदा त्यांच्यासमोर आलेली गोष्ट त्यांना मधेच वगळून मिटवणं मला योग्य वाटलं नाही. हा मेल मात्र फक्त तुम्हाला आहे, कारण यातलं बोलणं आपल्या दोघांचं आहे.

आधी माझ्या चुका. मंगळवारच्या कंटेनरच्या सूचनापत्रात मी तापमान 13.5 ऐवजी 3.5 लिहिलं होतं. एक अंक सुटला, पण तेवढ्याने सगळा माल गेला असता. 13 अंशांच्या खाली केळी राहिली की सालीखाली काळपट पडतात आणि पुढे नीट पिकतही नाहीत. न्हावाशेवाला पोचेपर्यंत बाहेरून काही दिसलंही नसतं. तुम्ही ते वाचलंत म्हणून 1,540 बॉक्स वाचले. त्या मेलमध्ये साहेबांना घेतलंत ते बरोबरच केलंत. मी तुमच्या जागी असते तर मीही घेतलं असतं. त्याबद्दल मनापासून आभार. गाडीच्या नंबरातला एक अंक चुकला तोही माझाच, आणि गेटपासवर सही राहिली तीही माझीच. दोन्ही त्याच दिवशी दुरुस्त केल्या. फाईलच्या नावात तारीख उलटी पडली होती, तीही बदलली आहे.

बुधवारच्या मेलबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण त्याचा त्रास आपल्या दोघांपुरता राहिला नाही. काट्याची पावती आणि माझा तक्ता यांत 84 किलोची तफावत आहे, असं तुम्ही साहेबांना सीसीत ठेवून लिहिलंत. पावतीवरचं वजन क्रेटसकट आहे. त्या खेपेत 42 क्रेट होते, एका क्रेटचं वजन दोन किलो, म्हणून 84. माझ्या तक्त्यात क्रेट वजा करून निव्वळ वजन आहे. तक्त्याच्या रकान्यावर 'निव्वळ' असं लिहिलेलं नव्हतं, ती उणीव माझी. आता लिहिलं आहे. पण तुम्ही मला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता.

झालं असं की साहेब तेव्हा रावेरला बैठकीत होते. त्यांनी मोबाईलवर 'तफावत' एवढंच वाचलं आणि थेट किनगाव शिवारात मुकादमांना फोन लावला. कटाई पहाटे पाचपासून सुरू होती, ऊन वर यायच्या आत घड उतरवून बागेबाहेर काढायचे होते. मुकादमांनी काम थांबवलं, माणसं बांधावर बसली, शेतकरी दादा शेजारी उभे. फण्या धुवायचं पाणी टाक्यांत भरून ठेवलेलं तसंच. साडेनऊला मला फोन आला. मुकादम एवढंच म्हणाले, "ताई, माझ्या काट्यावर आजवर कोणी बोट ठेवलं नाही." मला त्यांना काय उत्तर द्यावं ते सुचेना. मी क्रेटचा हिशोब सांगितला, ते "बरं" म्हणाले आणि काम पुन्हा लावलं, पण पाऊण तास गेला होता. त्या माणसाचा आवाज अजून माझ्या कानात आहे, भाऊ. म्हणूनच हे लिहिते आहे, नाहीतर मी गप्प बसले असते.

तुमचा हेतू चुका शोधून मला कमी दाखवायचा आहे असं मी धरून चाललेले नाही. तुम्ही इथे माझ्या सहा वर्षं आधीपासून आहात, कागदातल्या एका चुकीने माल बंदरात अडकलेला तुम्ही पाहिला आहे, आणि साहेबांच्या नजरेत असलं की काम लवकर हलतं हा तुमचा अनुभव असेल. पण लहानसहान मेल पाहून साहेबांना वाटायला लागतं की डिस्पॅचमध्ये रोज गोंधळ आहे, आणि खरा गंभीर मेल येतो तेव्हा तो बाकीच्यांत बुडतो. मंगळवारचा तापमानाचा मेल त्यांनी दुपारी उघडला, कारण त्याआधीचे दोन सही आणि फाईलच्या नावाचे होते. मला यातच खरी भीती वाटते. माझंही सांगते: तुमचा मेल आला की आधी सीसीत कोण आहे ते बघते आणि मग मजकूर वाचते. असं काम करायला मला आवडत नाही, आणि तुम्हालाही ते नको असेल.

म्हणून माझी एक विनंती आहे. जे आपण दोघं त्या दिवसात मिटवू शकतो, म्हणजे सही, नंबर, फाईलचं नाव, रकाना, ते मला थेट सांगा, फोन करा किंवा व्हॉट्सॲपवर टाका. संध्याकाळी सहापर्यंत माझ्याकडून दुरुस्त झालं नाही, तर साहेबांना जरूर सीसीत घ्या, मी मुळीच वाईट वाटून घेणार नाही. तापमान, कंटेनर नंबर, शेतकऱ्यांचं पेमेंट आणि निर्यातीचे दाखले यात मात्र वाट बघू नका. लगेच साहेबांना ठेवूनच लिहा, त्यात माझी चूक असली तरी.

माझ्या बाजूनेही मी बदल करते. उद्यापासून डिस्पॅचचा तक्ता गाडी निघायच्या आधी, दुपारी चारला तुमच्याकडे येईल. आजवर तो रात्री यायचा आणि तुम्हाला चूक दिसेपर्यंत गाडी धुळ्याच्या पुढे गेलेली असायची. आधी मिळाला तर तुमची नजर खरंच उपयोगी पडेल. शिवाय दर शनिवारी आठवड्यात माझ्याकडून राहिलेल्या गोष्टींची यादी मी स्वतः साहेबांना पाठवेन, तुम्हाला सीसीत ठेवून. त्यात काही सुटलं असेल तर तिथेच भर घाला. पहिली यादी येत्या शनिवारी जाईल आणि त्यात 3.5 सगळ्यात वर असेल.

मुकादमांशी मी बोलले आहे, पण क्रेटच्या हिशोबाबद्दल तुम्हीही त्यांना एक शब्द टाकलात तर बरं होईल. तुम्ही सांगितलेलं त्यांना माझ्यापेक्षा जास्त पटेल, त्यांच्या मनात तुमचा मान मोठा आहे.

यातलं काही पटलं नसेल तर मेलवर उत्तर लिहीत बसू नका. उद्या सावद्याच्या पॅकहाऊसला मी नऊपासून आहे. पहिली गाडी लागायच्या आत दहा मिनिटं बसू, चहा मी सांगून ठेवते.

आपली,
मनीषा
डिस्पॅच विभाग