बालपुस्तकाच्या चित्रांसाठी करारपत्र

हा करार पुणे येथे १ जून २०२६ रोजी प्रकाशक आणि स्वतंत्र व्यवसाय करणारे चित्रकार यांच्यात होत असून, त्यामुळे नोकरीचे नाते निर्माण होत नाही.

चित्रकार २४ पानी पुस्तकासाठी २२ रंगीत चित्रे व मुखपृष्ठ तयार करतील. मांडणी आणि अक्षरजुळणी या कामात येत नाही. कच्ची रेखाटने ३० जूनपर्यंत व छपाईयोग्य फाइल ३१ ऑगस्टपर्यंत द्यावयाच्या आहेत. रेखाटनांत दोन वेळा बदल विनामूल्य होतील. मंजूर चित्र पुन्हा काढायचे झाल्यास प्रत्येकी १,५०० रुपये वेगळे द्यावे लागतील. प्रकाशकांनी सात दिवसांत अभिप्राय न दिल्यास तेवढी मुदत आपोआप वाढेल.

एकूण मानधन ६६,००० रुपये असून, स्वाक्षरीच्या वेळी १६,५००, रेखाटने मंजूर झाल्यावर २४,७५० आणि अंतिम फाइल मिळाल्यापासून १५ दिवसांत उरलेले २४,७५० रुपये, नियमानुसार कर कापून, दिले जातील.

पूर्ण मानधन मिळेपर्यंत चित्रांचे सर्व हक्क चित्रकारांकडेच राहतील. त्यानंतर पुस्तकाच्या मराठी छापील व ई-आवृत्तीपुरते हक्क दहा वर्षांसाठी, जगभरासाठी प्रकाशकांकडे जातील. मुदत आणि प्रदेश स्पष्ट न लिहिल्यास कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार ते पाच वर्षे आणि भारतापुरतेच मानले जातात, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला आहे. मूळ चित्रे, नाकारलेली रेखाटने आणि अनुवाद, खेळणी वा चित्रपटासाठीचे हक्क चित्रकारांचेच राहतील. मुखपृष्ठावर त्यांचे नाव लेखकाच्या नावाखाली छापले जाईल.

प्रकाशकांनी काम मध्येच थांबवल्यास पूर्ण झालेल्या टप्प्याचे पैसे परत मागता येणार नाहीत.